भाषांतर करताना तक्रारीतली चूक सुधारायची नाही

प्रश्न : वकीलसाहेब, बिल्डरविरुद्धची माझी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात मराठीतूनच चालली. निकाल माझ्या बाजूने लागला, राज्य आयोगानेही तो कायम केला. आता बिल्डर दिल्लीला राष्ट्रीय आयोगात अपिलात गेलाय आणि तक्रार, पुरावे सगळं इंग्रजीत द्यायचंय. भाचीने भाषांतर केलंय. पैसे दिल्याची तारीख तक्रारीत चुकून १९/०४/२०१९ टाइप झाली होती, पावतीवर ११/०४/२०१९ आहे. तिने ती भाषांतरात दुरुस्त केली आणि शेवटी मागणीची एकूण बेरीजही घातली. हे चालेल ना? सोबत तिचं आणि बिल्डरने दाखल केलेलं, अशी दोन्ही भाषांतरं पाठवतोय.

उत्तर : नाही, चालणार नाही. अजून दाखल केलेलं नाही हे बरं झालं. दोन्ही दुरुस्त्या काढून टाका.

भाचीने तारीख चांगल्या हेतूने बदलली, पण तक्रार तुमच्या शपथपत्रावर चाललेली आहे. त्यात जे लिहिलंय ते चुकीचं असलं तरी तेच तुमचं म्हणणं म्हणून रेकॉर्डवर आहे. बिल्डरचा वकील मूळ मराठी प्रत आणि तुमचं भाषांतर शेजारी ठेवून वाचणार. तारीख वेगळी दिसली की तो म्हणेल, तक्रारदाराने दिल्लीत येऊन कागद बदलला. मग वाद पावतीचा राहत नाही, तुमच्या सचोटीचा होतो. तुमच्या प्रकरणात तर यासाठी धोका पत्करण्यासारखं काहीच नाही. ३,७५,००० रुपयांवर ९ टक्के वार्षिक व्याज धरलं तर आठ दिवसांचे जेमतेम ७४० रुपये होतात.

म्हणून भाषांतरात १९ एप्रिल २०१९ अशीच तारीख राहू द्या. पावतीच्या भाषांतरात पावतीवरची ११ एप्रिल येईल. दोन तारखा का जुळत नाहीत, हे अपिलाच्या उत्तरात एका वेगळ्या परिच्छेदात सांगायचं. त्याला आधार तुमच्याकडे भक्कम आहे. बँकेच्या उताऱ्यात हा चेक १५/०४/२०१९ ला वटलेला दिसतो. १९ तारखेला दिलेला चेक १५ तारखेला वटूच शकत नाही, त्यामुळे तक्रारीतली तारीख टंकलेखनाची चूक आहे हे उताऱ्याच्या एका ओळीतून सिद्ध होतं. पावती आणि उतारा यांचे पान क्रमांक त्या परिच्छेदात द्या. मूळ तक्रारच दुरुस्त करायची असेल तर आयोगाची परवानगी मागणारा स्वतंत्र अर्ज लागतो. इथे त्याची गरज मला दिसत नाही.

ही चूक झाली कशी हेही बघून ठेवा, कारण पावतीवर हाताने लिहिलेला १ खरोखरच ९ सारखा दिसतो. देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत नेहमीची आहे, आणि भाषांतरात आणखी एक धोका वाढतो : देवनागरी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो. भाचीच्या प्रतीत साठेखताचा नोंदणी क्रमांक याच कारणाने चुकलाय; मूळ कागदावर ४ आहे, तिने इंग्रजी आठ लिहिलाय. आकडा वाचताच येत नसेल तर अंदाजाने भरू नका. चौकोनी कंसात ‘इललेजिबल’, म्हणजे अवाच्य, असं लिहा. खाडाखोड असेल तर तीही तशीच नोंदवा.

आता रकमेकडे या. परिच्छेद ४ मध्ये तुम्ही ‘पावणेचार लाख’ दिल्याचं अक्षरी लिहिलंय. भाचीने त्याचे ४,७५,००० केलेत. पावणेचार म्हणजे चाराला पाव कमी, म्हणजे ३,७५,०००. हे असंच दाखल झालं असतं तर न दिलेले एक लाख रुपये तुम्ही मागताय असा अर्थ झाला असता. सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे हे शब्द जिथे जिथे येतात तिथे आकडा स्वतः काढून पडताळा. स्वल्पविराम आपल्या लाख-हजाराच्या पद्धतीनेच द्या.

बेरीज काढायची ती यासाठी की मूळ तक्रारीत ती नाहीच. तुम्ही तीन गोष्टी वेगवेगळ्या मागितल्यात : व्याजासह ३,७५,०००, मानसिक त्रासापोटी ५०,००० आणि तक्रारखर्च १५,०००. भाचीने त्याचे ४,४०,००० केले आणि त्या बेरजेत व्याज सुटलं. मागणीच्या कलमात कमी नाही, जास्तही नाही. आणखी एक, जिल्हा आयोगाने मानसिक त्रासाचे २५,००० मंजूर केलेत. मागितलेली रक्कम तक्रारीच्या भाषांतरात, मंजूर झालेली निकालाच्या भाषांतरात. ही दोन एकमेकांत मिसळू देऊ नका.

व्याजाचा ‘द.सा.द.शे.’ भाचीने दरमहा केलाय, तोही बदला. दर साल दर शेकडा म्हणजे वार्षिक. नऊ टक्के दरमहा हा दर वाचून आयोगाचा तुमच्याबद्दल काय समज होईल, विचार करा.

तक्रारीत ‘पाडव्याला ताबा देतो असं तोंडी कबूल केलं’ असं वाक्य आहे. भाषांतरात पाडवाच लिहा, तारीख घालू नका. गुढीपाडवा की दिवाळीचा पाडवा, हे मूळ वाक्यात स्पष्ट नाही. ते भाषांतरकाराने ठरवायचं नसतं, तुम्ही उत्तरात सांगायचं.

बिल्डरच्या भाषांतराबद्दल मात्र मी जास्त काळजीत आहे. त्यांनी ‘साठेखत’ या शब्दासाठी ‘सेल डीड’ लिहिलंय. सेल डीड म्हणजे खरेदीखत. तुमचं खरेदीखत झालेलंच नाही, फक्त साठेखत झालंय, म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट फॉर सेल’. हा शब्द तसाच राहिला तर व्यवहार पूर्ण झाला होता, असं म्हणायला त्यांना जागा मिळते. नुसता तोंडी आक्षेप घेऊ नका. एक तक्ता करा : पान आणि परिच्छेद क्रमांक, मूळ मराठी ओळ, त्यांचं भाषांतर, बरोबर भाषांतर. तो तुमच्या शपथपत्रासोबत दाखल करा. चुका मोजक्या आणि महत्त्वाच्या निवडा. शैलीवर वाद घालू नका.

राष्ट्रीय आयोगातलं हे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतंच चालतं, ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ५१(२). वस्तुस्थितीवरचे दोन्ही निकाल तुमच्या बाजूने आहेत. भाषांतरातून नवीन वस्तुस्थिती आत आली तर त्याचा फायदा तुम्हाला नाही, समोरच्याला होईल.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने, पाठवणारा आणि वेळ प्रत्येक संदेशासमोर ठेवून भाषांतरित करा. अर्धवट वाक्य पुरं करू नका, ‘बघतो’ला ‘देतो’ करू नका. या इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र तुम्ही जिल्हा आयोगात दिलेलं आहेच, त्याचंही भाषांतर लावा.

भाषांतर दाखल करताना ‘मला मराठी व इंग्रजी दोन्ही भाषा येतात आणि हे मूळ कागदाचं खरं व अचूक भाषांतर आहे’ असं भाषांतरकाराचं नोटरीसमोरचं शपथपत्र सोबत जोडा. भाची नात्यातली असल्यामुळे समोरून बोट दाखवलं जाऊ शकतं. शक्य असेल तर तिच्या प्रतीवर बाहेरच्या जाणकाराकडून काम करून घ्या आणि सही त्याचीच घ्या.

सही होण्याआधी दोघांनी बसा. एकाने मूळ प्रतीतला प्रत्येक आकडा, तारीख, क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने भाषांतरात त्यावर पेन्सिलने खूण करायची. परिच्छेद क्रमांक मुळाप्रमाणेच ठेवा आणि प्रत्येक भाषांतरामागे मूळ मराठी कागदाची प्रत लावा. भाचीची जुनी फाइल दिल्लीच्या वकिलांना आधीच पाठवली असेल तर ती वापरू नये, असं त्यांना आजच लेखी कळवा.