'असू शकतो' आणि 'असावा'

प्रश्न: माझ्या मानसशास्त्राच्या शोधनिबंधातल्या चर्चेत असं वाक्य आहे: 'यावरून असे कदाचित सूचित होऊ शकते की झोपण्याआधीचा मोबाइल-वापर संभवतः काही प्रमाणात चिंता वाढवणारा असू शकतो.' (२०० विद्यार्थी, एकदाच भरलेली प्रश्नावली, सहसंबंध ०.२०.) मार्गदर्शक म्हणतात, शंकादर्शक शब्द कमी करा. ते काढले तर दावा बेफाम वाटणार नाही का?

उत्तर: बेफामपणा आताच आहे, 'वाढवणारा' या एका शब्दात. एकदाच मोजलेल्या माहितीवरून कशामुळे काय वाढलं ते कळत नाही. चिंतेने झोप उडालेला माणूसही मोबाइलच हातात घेतो. कार्यकारणाचं क्रियापद तसंच ठेवून त्यापुढे 'कदाचित, संभवतः' लावले, तर दावा सौम्य होत नाही, नुसता पुसट होतो. अशी पुसट वाक्यं सगळीकडे ऐकून कान किटले आहेत.

'काही प्रमाणात'ही काढा. प्रमाण तुम्हाला ठाऊक आहे, मग आकडा द्या.

आता 'असू शकतो'. मुळात 'शक्' म्हणजे समर्थ असणं. 'असू शकतो' म्हणजे अशक्य नाही, इतकंच. पुरावा शून्य असला तरी ते खरंच ठरतं. 'असावा'चं कूळ वेगळं. संस्कृत 'तव्य', त्यातून प्राकृत 'अव्व', त्यातून आपला 'आवा': कर्तव्य ते करावा. जे केलंच पाहिजे ते सांगणारा हा प्रत्यय अंदाजाकडे कसा वळला? संस्कृतातच वळला. नाटकांत पात्रं खुणा पाहून 'भवितव्यम्' म्हणतात, म्हणजे 'हा तोच असला पाहिजे'. पुरावा पाहणाऱ्याला त्या निष्कर्षाकडे ढकलतो, ही सक्ती 'असावा'त मुरली आहे. अंगण ओलं दिसलं तरच आपण 'पाऊस पडून गेला असावा' म्हणतो. शालेय व्याकरणं 'असावा'ला विध्यर्थाच्या यादीत 'तर्क' म्हणून कोंबून मोकळी होतात; या तर्काला आधार लागतो हे सांगत नाहीत. आणि 'असावा' मोघम म्हणून कापून तिथे 'असण्याची शक्यता नाकारता येत नाही' लिहिणारे संपादक तर नेमका शब्द घालवून मोघम आणतात.

तर तुमचं वाक्य. आढळलं ते भूतकाळात, शंकेविना. शंका जिथली तिथे, एकदाच:

'या २०० विद्यार्थ्यांत झोपण्याआधी मोबाइल जास्त वापरणाऱ्यांची चिंता किंचित अधिक आढळली (सहसंबंध ०.२०, ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.०६ ते ०.३३). दोन्हींची मोजणी एकाच वेळी झाल्याने कशामुळे काय, हे यावरून ठरत नाही.'

यात 'कदाचित' एकही नाही. तरी पहिल्या वाक्याहून हे सावध आहे, कारण अनिश्चितता किती ते अंतरालाने सांगितलं आणि कसली ते दुसऱ्या वाक्याने. 'मोबाइलमुळे चिंता वाढत असावी' असं लिहायचं असेल, तर आधी ओलं अंगण दाखवा: उदाहरणार्थ, त्याच विद्यार्थ्यांची काही महिन्यांनी पुन्हा मोजणी, आणि सुरुवातीची चिंता हिशेबात धरूनही टिकलेला संबंध. ते हाती नसेल तर ही शक्यता 'असू शकते'नेच लिहा, पण उलट दिशाही त्याच वाक्यात द्या.