नवी लॅब, मशीनचे तास: आधी एवढंच बघा

पेशंट किती येतील यावरून मशीनचा हिशोब मांडू नका, टेस्ट मोजा. एक एलएफटी म्हणजे मशीनला सात कामं: टोटल आणि डायरेक्ट बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी, एएलपी, प्रोटीन, अल्ब्युमिन. ग्लोब्युलिन आकडेमोडीतून येतं, ते धरू नका.

दुसरी चूक म्हणजे दिवसाची सरासरी. समजा, ताशी 200 टेस्टचा बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझर आठ तास चालतो, म्हणजे क्षमता 1600. अंदाज 700 टेस्टचा. कागदावर मशीन निम्म्याहून जास्त रिकामं! पण उपाशीपोटीचे सॅम्पल सकाळीच येतात. त्यातल्या 420 टेस्ट साडेआठ ते साडेदहात आल्या, आणि रिपीट, डायल्यूशन धरून खरा वेग ताशी 140 पडला, तर दोन तासांत 280च होतात. उरलेल्या 140ना आणखी एक तास लागतो. म्हणून:

- खरा वेग मशीनच्या लॉगमधून काढा, माहितीपत्रकातून नाही.
- कॅलिब्रेशन आणि क्यूसी साडेआठच्या आत उरका.
- घरून घेतलेले सॅम्पल एकगठ्ठा नको, दर अर्ध्या तासाने मागवा.

हे करूनही रोज साडेदहाला रॅक तुंबलेले दिसले, तरच दुसऱ्या मशीनचा विचार करा.

सीबीसीचा अंदाज मात्र वेगळा काढा. पावसाळ्यात डेंगीमुळे प्लेटलेटसाठी तेच पेशंट पुन्हा पुन्हा येतात, तेव्हा गेल्या वर्षीचा तोच महिना समोर ठेवा. बाकीचं सध्या राहू द्या; आधी महिनाभर तासवार नोंद ठेवा.