खोकी मोजायला बी.कॉम. कशाला?

*मुलगा बी.कॉम. झाला, 58 टक्के. आठ महिने चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. काम काय, तर गाडी आली की खोकी मोजायची आणि चलनावर सही करायची. मागच्या महिन्यात साडेआठ हजारांचा माल कमी आणि खराब निघाला. सही याची, म्हणून आता पगारातून कापणार म्हणतात. मी म्हणालो, ही हमाली सोड, घरी ये, बँकेची परीक्षा दे. तो ऐकत नाही. त्याने लिहिलेला तपशील सोबत जोडतोय. त्याला समजवा. — एक वडील, सांगली*

समजावण्याची गरज त्याला कमी आणि तुम्हाला जास्त आहे, असं तुमचं पत्र वाचून वाटलं. राग मानू नका. पत्रात 'हमाली' हा शब्द तुमचा आहे. मुलाने जोडलेल्या पानावर मात्र पीओ म्हणजे कंपनीची खरेदी ऑर्डर, चलन आणि प्रत्यक्ष माल यांचे आकडे शेजारी शेजारी मांडलेत. त्या मांडणीत चुका आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण आठ महिन्यांत मुलगा स्वतःहून असा तक्ता करायला लागला, आणि वडील त्याला 'घरी ये' म्हणतात, ही मला साडेआठ हजारांपेक्षा मोठी काळजी वाटते.

बँकेची परीक्षा त्याला द्यायची असेल तर नोकरी करत देता येते. त्यासाठी घरी बसायची गरज नाही, आणि हा विषय इथेच संपतो.

आता त्याचं पान. पीओमध्ये दोन गोष्टी होत्या: 6205 नंबरचे बेअरिंग 600 नग, 120 रुपये दराने, आणि वायर 1800 मीटर. चलनावर बेअरिंग 600 नग, 12 खोक्यांत प्रत्येकी 50, आणि वायरची 90 मीटरची 18 बंडलं. गाडीतून 12 खोकी आणि 18 बंडलं उतरली. मुलाने चलनावर आणि ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, म्हणजे बिल्टीवर, 'माल मिळाला' लिहून शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी लाइनवर माल देताना एका खोक्यात 40 च बेअरिंग निघाले, आणि थप्पीच्या मधलं एक खोकं खालून भिजलेलं, आतले 50 गंजलेले. त्याने रजिस्टरला नोंद केली: बेअरिंग 60 कमी, वायर 2 बंडलं कमी.

या एका ओळीत दोन चुका आहेत, आणि त्यातली वायरची चूक ही या कामातली सगळ्यात पसरलेली गैरसमजूत आहे. पीओपेक्षा कमी आलं म्हणजे माल कमी आला, असं बहुतेकजण धरून चालतात. तसं नाही. वायर 1800 मीटर मागवली, पुरवठादाराने चलनावर 18 बंडलं म्हणजे 1620 मीटर लिहिली आणि 1620 मीटरच आली. इथे कुणी काही हरवलेलं नाही. उरलेले 180 मीटर पीओवर बाकी राहिले, एवढंच. बिलही 1620 चंच असणार. ही 2 बंडलं तूट म्हणून लिहिली की पुरवठादाराला पत्र जातं, 'तुमची 2 बंडलं कमी, पैसे वळते करा.' तो बिल काढून दाखवतो की ती मी लावलेलीच नाहीत, आणि मग त्याच पत्रातल्या बेअरिंगच्या खऱ्या तक्रारीकडेही तो त्याच नजरेने बघतो. तूट म्हणजे चलनावर आहे पण हातात नाही, तो माल. पीओ आणि चलन यांतला फरक परचेसवाल्याला कळवायचा: बाकी माल मागवायचा की पीओ तिथेच बंद करायची, हे त्याने ठरवायचं. चलन आणि प्रत्यक्ष माल यांतला फरक मात्र स्टोअरचा, आणि तो त्याच दिवशी कागदावर यायला हवा.

(जाता जाता: पीओ मीटरमध्ये आणि चलन बंडलांत असेल तर जीआरएन, म्हणजे माल आत घेतल्याची नोंद, करताना 18 टाकून मोकळं होऊ नये. सिस्टिम ते 18 मीटर धरते, आणि पीओवर 1782 मीटर बाकी दिसत राहतात. एकक आधी बघायचं, आकडा नंतर.)

दुसरी चूक बेअरिंगची. '60 कमी' हे खरं नाही. कमी आहेत 10. गंजलेले 50 आलेत, स्टोअरमध्ये पडलेत, फक्त घेण्यालायक नाहीत. जीआरएनमध्ये हे असं यायला हवं: चलनाप्रमाणे 600, मिळाले 590, स्वीकारले 540, नाकारले 50, तूट 10. मिळालेल्यांत 540 लिहिले की ते 50 बेअरिंग कुठल्याच वहीत राहत नाहीत. उद्या पुरवठादार म्हणाला, 'खराब माल परत पाठवा, मग क्रेडिट नोट देतो,' तर जो माल आत आल्याचीच नोंद नाही, त्याला बाहेर काढायचा गेटपास कशावर बनवणार? असा माल लाल टॅग लावून वेगळा ठेवायचा. टॅगवर जीआरएन नंबर, नग आणि कारण. आणि तो चांगल्या मालाच्या रॅकवर कधीच नको, कारण घाईत तोच लाइनवर जातो. अकाउंट्सलाही हा फरक लागतो. बिल 600 चं आहे, पण न आलेल्या 10 नगांवरच्या जीएसटीचं क्रेडिट कंपनीला घेता येत नाही. 60 नगांचे 7,200 आणि 18 टक्के जीएसटी धरून 8,496, हाच तुमचा साडेआठ हजारांचा आकडा. त्यात तुटीचे 1,416 आणि खराबीचे 7,080. हे वेगळे मोजायचे कारण दोन्हींचा माग वेगळ्या ठिकाणी लागतो.

बिल्टी नीट वाचली तर तिच्यावर बहुधा छापलेलं असतं की आत काय आहे ते माल पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलंय. म्हणजे ट्रान्सपोर्टवाला खोक्यांच्या संख्येला आणि बाहेरच्या स्थितीला जबाबदार, आतल्या नगांना नाही. म्हणून 40 नगांच्या खोक्याची टेप मूळची आणि शाबूत असेल तर भरतानाच 10 कमी पडले, आणि तक्रार पुरवठादाराकडे. टेप कापून पुन्हा लावलेली दिसली, वेगळ्या रंगाची किंवा दुहेरी, तर बोट रस्त्याकडे जातं. भिजलेलं खोकं उघडउघड रस्त्यातलं दिसतं. पीओ 'पोच कंपनीच्या दारात' या अटीवर असेल तर तेही पुरवठादारानेच सोसायचं. पण त्याला ट्रान्सपोर्टकडून वसूल करायला बिल्टीवर शेरा हवा, आणि शेरा नसला की तो तुमच्यावर ढकलतो.

खरा धडा इथे आहे, आणि तो मुलाने शिकावा. ड्रायव्हरला घाई असते, कारण सही-शिक्क्याची पोच परत नेल्याशिवाय ट्रान्सपोर्टला भाड्याची बाकी मिळत नाही. म्हणून गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती पोच हेच स्टोअरच्या हातातलं एकमेव हत्यार असतं. सहा बाजूंनी प्रत्येक खोकं फिरवायला बारा खोक्यांना दहा मिनिटं लागतात. थप्पीच्या मधली आणि तळाची आधी बघायची, वरची सुकी खोकी फसवतात. भिजलेलं दिसलं की फोटो काढायचा, खोकं अजून गाडीत असतानाच, गाडीचा नंबर दिसेल असा. मग चलन आणि बिल्टी दोन्हींच्या सगळ्या प्रतींवर लिहायचं: '12 खोकी मिळाली. 1 खोकं खालून भिजलेलं. आतील नग मोजणे व तपासणे बाकी.' तारीख, वेळ, ड्रायव्हरची सही. नुसतं 'माल मिळाला' यातलं काहीच सांगत नाही.

आतले नग गाडी उभी असताना मोजता येत नाहीत हे खरं, पण वजन करता येतं. 6205 चं एक बेअरिंग साधारण 130 ग्रॅमचं. 50 चं साडेसहा किलो आणि वर खोक्याचं वजन. 10 कमी असले की खोकं जवळपास सव्वा किलोने हलकं भरतं, आणि टेबलावरच्या काट्यावर ते लगेच दिसतं. बाराही खोकी काट्यावर ठेवून जे वेगळं वागतं तेवढंच उघडायचं. आणि नंतर मोजताना चलन दुसऱ्याच्या हातात असावं. समोर '50' लिहिलेलं असलं की मोजणाऱ्याला पन्नासच सापडतात.

आता पगारातून कापण्याचं. साहेब ओरडले म्हणून कापता येत नाही. नुकसान त्याच्या हयगयीमुळे झालं हे दाखवावं लागतं, आणि आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणणं त्याच्याकडे आहे. चलनावर 'माल मिळाला' लिहिलं म्हणजे माल स्वीकारला असं होत नाही. 1930 चा मालविक्रीचा कायदा खरेदीदाराला तपासण्याची वाजवी संधी देतो, आणि त्याने दुसऱ्याच दिवशी दोष शोधलाय. नाकारल्याचं पुरवठादाराला लेखी कळवायला मात्र फार उशीर चालत नाही. ट्रान्सपोर्टवर दावा करायची वेळ आली तर 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे माल बुक झाल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. माल पोचल्याच्या तारखेपासून नव्हे, यात बरेचजण फसतात. बिल्टीवर शेरा नसल्याने 7,080 चं प्रकरण अवघड आहे, हे त्याने प्रांजळपणे मान्य करावं. पण अवघड म्हणजे बुडालं नाही, आणि 1,416 तर पुरवठादाराने द्यायलाच हवेत.

तो बी.कॉम. आहे, म्हणून हे काम त्याच्यासाठी आहे. जीआरएनचा आकडा पुढे बिलाशी आणि पीओशी जुळवूनच पैसे सुटतात. जो मुलगा हे दारावर शिकतो त्याला परचेस आणि अकाउंट्समध्ये बिलं तपासणाऱ्या माणसाची चूक कुठून येते ते माहीत असतं. वर्षभर त्याने तिथेच राहावं, कंपनीत एसएपी असेल तर जीआरएन करायचा MIGO चा स्क्रीन स्वतःच्या लॉगिनने चालवायला मागावा, आणि मग परचेसला बदली मागावी. सीएमएचा विचार त्यानंतर.

आज रात्री फोन कराल तेव्हा नोकरी सोडायचं काढू नका. तीन गोष्टी विचारा: बिल्टीवर बुकिंगची तारीख काय आहे, ते 50 गंजलेले बेअरिंग अजून वेगळे ठेवलेत का, आणि कमी भरलेल्या खोक्याची टेप त्याने जपून ठेवली की फेकली.