साडेचार वार की साडेचार मीटर? कापड घेणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

शाळांचे गणवेश आणि लग्नसराई एकत्र आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून एकच गोंधळ वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापर्यंत पोचतो. आकडा सगळ्यांच्या लक्षात असतो, पण तो वाराचा की मीटरचा हे कुणी विचारलेलं नसतं. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

सहावारी साडी घेतली, लेबलावर साडेपाच मीटर लिहिलंय. अर्धा मीटर कमी दिलं का? (खानापूर)

नाही. सहा वार म्हणजे ५.४९ मीटर, त्यामुळे लेबल बरोबर आहे. ६.३० मीटर लिहिलं असेल तर त्यात ८० सेंटिमीटरचा ब्लाउज पीस धरलेला असतो.

वाराचे मीटर तोंडी कसे करायचे? ०.९१४४ चा गुणाकार दुकानात उभं राहून जमत नाही. (अनगोळ)

जितके वार असतील त्याचा बारावा भाग वजा करा. बारा वारांचे अकरा मीटर, सहाचे साडेपाच, नऊचे सव्वाआठ. या रीतीने उत्तर खऱ्यापेक्षा केसभर जास्त येतं, म्हणजे कापड कमी पडायची भीती राहत नाही. मोबाइलवर करायचं असेल तर वार गुणिले ०.९१४४ हेच करा. "वार आणि मीटर जवळजवळ सारखेच" असं सांगणाऱ्याचं मात्र ऐकू नका. एका वारामागे साडेआठ सेंटिमीटरचा फरक पडतो.

दोन मुलांच्या फुल शर्टांना टेलरनं साडेचार सांगितलं. साडेचार घेतलं, बिलावरही साडेचार आहे. आता टेलर म्हणतो कापड कमी आहे, दुकानदार म्हणतो मोजून दिलंय. खोटं कोण बोलतंय? (निपाणी)

कदाचित दोघंही खरं बोलत असतील, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. छत्तीस इंची पन्ह्यात मोठ्या मापाच्या फुल शर्टाला साधारण सव्वादोन मीटर लागतं, म्हणजे टेलरनं साडेचार मीटर धरले होते. तुम्ही दुकानात नुसतं "साडेचार द्या" म्हणालात. ते दुकान वारावर मोजत असेल तर तुमच्या पिशवीत ४.११ मीटरच आलं. जवळपास साडेअडतीस सेंटिमीटर, म्हणजे पंधरा इंच कमी. पहिला शर्ट व्यवस्थित निघेल आणि दुसऱ्याच्या बाह्या, कॉलर, कफ यांना कापड उरणार नाही. टेलरची तक्रार नेमकी अशीच असेल तर कारण जवळजवळ पक्कं समजा.

खात्री करून घ्यायची तर टेलरला सांगा, अजून कात्री लावू नका. कापड टेबलावर सपाट पसरा, न ओढता, किनारीच्या कडेनं इंची टेप लावा आणि पूर्ण लांबी मोजा. साडेचार वार असेल तर १६२ इंच भरेल. साडेचार मीटर असेल तर १७७ इंच भरेल. म्हणजे तो एकच आकडा भांडण मिटवतो. १६२ आलं तर वारानं मोजलं, १७७ आलं तर टेलरचा अंदाज चुकला किंवा मापं बदलली. मधला काहीतरी आकडा आला, समजा १७०, तर पट्टी मीटरची होती पण मोजणीत कापड गेलं.

ते कसं जातं हे नीट बघून ठेवा, कारण इथेच गिऱ्हाईक गप्प बसतं. मोजणारा प्रत्येक मीटरला कापड चिमटीत धरतो आणि पुढचं माप चिमटीच्या अलीकडून सुरू करतो. दर वेळी अंगठ्याएवढं कापड दोनदा मोजलं जातं. दुसरा प्रकार होजियरीसारख्या लवचिक कापडाचा. ते पट्टीवर ताणून धरलं की मीटर भरतो आणि सोडलं की आखडतं. मोजताना शांतपणे म्हणा, "दादा, कापड सैल सोडून मोजा." प्रामाणिक दुकानदाराला याचा राग येत नाही.

पट्टीही तपासता येते. आपला टेप तिच्या शेजारी धरा. मीटरची पट्टी असेल तर एकोणचाळीस इंच आणि वर थोडं, म्हणजे तीन अष्टमांश इंच भरेल. बरोबर छत्तीस भरलं तर ती वाराची पट्टी आहे. मीटरपट्टीवर वजनमाप खात्याचा शिक्का असायला हवा, तो दिसत नसेल तर विचारा. आपल्या देशात लांबीचं कायदेशीर एकक मीटर आहे. १९५६ च्या वजनमाप कायद्यानं ही पद्धत आली, आणि २००९ च्या वैधमापन कायद्यात वारावर दर सांगणं किंवा बिल करणं बसत नाही. तरी आपल्या बाजारांत जुन्या गिऱ्हाइकांसाठी वार चालूच आहे. वार बोलायला माझी हरकत नाही, पण बिलावर "मीटर" हा शब्द आणि आकडा लिहून घ्या. नुसता "४.५" लिहिलेला कागद तक्रारीला निरुपयोगी आहे.

एक सावधगिरी बाळगा. कापड धुतलं असेल तर वरची मोजणी लागू होत नाही. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकतं. म्हणजे १७७ इंचाचं पूर्ण मापाचं कापड धुतल्यावर १६८ भरेल आणि तुम्ही निष्पाप दुकानदाराशी भांडायला जाल. म्हणून घरी आणल्यावर आधी मोजायचं, लिहून ठेवायचं, मग पाण्यात घालायचं.

तुमच्या बाबतीत आता काय? १६२ भरलं तर त्याच ताक्यातलं कापड शिल्लक आहे का, हे आजच विचारा. दोन आठवड्यांनी दुसरा ताका आला की पांढऱ्याचीही छटा जुळत नाही. ताका संपला असेल तर कॉलरची आतली बाजू आणि शोल्डरचा आतला तुकडा दुसऱ्या कापडाचा करून दोन्ही शर्ट बसतात का, की एक हाफ शिवावा लागेल, हे टेलरलाच ठरवू द्या. मुलांची मापं पाहिल्याशिवाय मी ते सांगू शकत नाही. मोजणीत फसवणूक झाल्याचं स्पष्ट असेल आणि दुकानदार ऐकत नसेल, तर बिल आणि न कापलेलं कापड घेऊन वजनमाप खात्याच्या निरीक्षकाला भेटा. कापल्यावर काही सिद्ध करता येत नाही.

एका दुकानात १४० रुपये वार, दुसऱ्यात तेच कापड १५० रुपये मीटर. वारवालं स्वस्त ना? (शहापूर)

महाग आहे, ताई. वार लहान असतो, म्हणून वाराचा दर मीटरवर आणताना भागायचं असतं. १४० भागिले ०.९१४४ म्हणजे १५३ रुपये मीटर. दहा मीटरच्या पडद्यांना तीस रुपयांचा फरक पडला. बहुतेक जण इथे उलटा गुणाकार करून १२८ काढतात आणि खूश होऊन घरी येतात. लांबीला गुणाकार, दराला भागाकार, एवढं पक्कं करा. तोंडी करायचं तर वाराच्या दरात त्याचा अकरावा भाग मिळवा. "वारावर घेतलं की परवडतं" हे ऐकीव आहे, आणि लहान आकडा दाखवून गिऱ्हाईक खेचणाऱ्यांनीच ते पसरवलं आहे. दोन्हीकडचा पन्हा एकच आहे ना, हेही बघा. नाहीतर सगळा हिशोब फुकट.

परदेशी पॅटर्न पाहून फ्रॉक शिवायचा आहे. त्यात ४५ इंची पन्ह्याचं तीन यार्ड लिहिलंय. मला मिळालेलं कापड ३६ इंची आहे. किती मीटर घेऊ? (वडगाव)

यार्ड म्हणजे आपला वारच. तीन यार्डांचे २.७४ मीटर होतात, पण ते ४५ इंची कापडाचे. नुसता मीटर करून तेवढंच ३६ इंची घेतलंत तर कमी पडणार. क्षेत्रफळानं काढलं तर २.७४ गुणिले ४५ भागिले ३६, म्हणजे ३.४३ मीटर. हा आकडासुद्धा शेवटचा मानू नका. घेराचा एखादा तुकडा ३६ इंचांत आडवा मावतच नसेल तर तो उभा टाकावा लागतो किंवा मध्ये जोड द्यावा लागतो, आणि मग हिशोब बदलतो. पॅटर्नचे तुकडे जुन्या चादरीवर ३६ इंचांच्या पट्ट्यात मांडून बघा, आणि शिवणाऱ्या बाईंना दाखवल्याशिवाय कापड कापून घेऊ नका. कापलेलं कापड दुकानं परत घेत नाहीत.

शिवलेल्या नऊवारीसाठी नऊ मीटर घ्यावं का? (बेळगुंदी)

नको. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. तरीही तुमची उंची, कंबर आणि शिवायची पद्धत पाहून शिंप्याला विचारा, काहींना यातही उरतं, काहींना थोडं जास्त लागतं.

ओटीसाठी मिळालेले ब्लाउज पीस एक वाराचे असतात का? अस्तरासह ब्लाउज होईल का? (गोकाक)

पुष्कळसे पीस ८० सेंटिमीटरचे असतात. ते साडेएकतीस इंच झाले, म्हणजे वाराला साडेचार इंच कमी. लहान मापाचा, आखूड बाहीचा ब्लाउज त्यात होतो, पण अस्तर वेगळं घ्यावं लागतं. लांब बाही किंवा मोठं माप असेल तर त्यात होईल असं मी कळवणार नाही. गुळेदगुड्डचा खण असेल तर त्याचा पन्हा आणि लांबी दोन्ही मोजून टेलरला सांगा, कारण खणाचा पन्हा नेहमीच्या कापडापेक्षा कमी असतो आणि काठ कुठे यायचा यावर कापणी ठरते.

माझ्या टेपवर साठ इंच आणि दीडशे सेंटिमीटर एकाच रेषेवर येतात. बरोबर आहे का? (चिकोडी)

चुकीचा टेप आहे, बदला. साठ इंच १५२.४ सेंटिमीटरला यायला हवेत, तुमच्या टेपची एक बाजू खोटी आहे. नवा घेताना छत्तीसचा आकडा बघा, त्याच्या मागे ९१.४ सेंटिमीटर असायला हवं. रेक्झिनचे टेप वापरून ताणतात, म्हणून अधूनमधून स्टीलच्या पट्टीशी पडताळत जा. आणि या टेपनं घेतलेली मापं टेलरला आधीच दिली असतील, तर कापड कापायच्या आत त्यांना फोन करून पुन्हा माप घ्यायला सांगा.