पोटॅशियम पेशंटचं की ट्यूबचं? कलेक्शन सेंटरवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं

अक्कलकोटला माझं कलेक्शन सेंटर आहे. उन्हाळ्यामुळे सगळ्या ट्यूब बर्फाच्या पाकिटांत घालून दुपारच्या गाडीने सोलापूरला पाठवतो. तरी पोटॅशियम सारखं ५.८, ६.१ असं येतं. लॅब म्हणते हिमोलिसिस नाही. मग चुकतंय कुठे?

तुमच्या बर्फातच. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्या सीरमपेक्षा वीसपटीहून जास्त असतं. ते आत धरून ठेवायला पेशी सतत एक पंप चालवत असते. न स्पिन केलेलं रक्त थंड केलं की हा पंप मंदावतो आणि पेशी न फुटताच पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटलेल्या नसतात, म्हणून सीरम लालसर दिसत नाही आणि लॅबला हिमोलिसिस सापडत नाही. पोटॅशियम मात्र वाढलेलं असतं.

मग बर्फ नको म्हणून ट्यूब तशाच उन्हात पाठवल्या तर? तेही चालणार नाही. उष्णतेत पंप जोरात चालतो, त्यामुळे सुरुवातीला पोटॅशियम उलट खोटं कमी दिसू शकतं. पेशी ट्यूबमधली साखर खात राहतात, साखर संपत आली की पंप थांबतो आणि पोटॅशियम वर जातं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि उन्हात उभ्या दुचाकीच्या डिकीत त्याहूनही जास्त तापतं, हे ध्यानात ठेवा.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे: सीरम सेंटरवरच वेगळं करा. पिवळ्या झाकणाची जेल ट्यूब घ्या, ५ वेळा हळुवार उलटी-सुलटी करा आणि स्टँडमध्ये ३० मिनिटं उभी ठेवा. रक्त पूर्ण गोठू द्या. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या पेशंटचं रक्त गोठायला यापेक्षा वेळ लागतो, तिथे घाई करू नका. मग १० मिनिटं स्पिन करा. किती आरपीएम ते तुमच्या मशीनच्या रोटरवर ठरतं, म्हणून माहितीपत्रक आणि ट्यूबवाल्या कंपनीची सूचना दोन्ही पाहा. रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत सीरम जेलच्या वर गेलेलं असलं पाहिजे. ते झालं की थंड पाकिटात खुशाल पाठवा, कारण आता झिरपायला पेशीच सीरमला लागून नाहीत. एकदा स्पिन झालेली जेल ट्यूब पुन्हा स्पिन करू नका. जेलखाली अडकलेलं, पोटॅशियमने भरलेलं सीरम वर येतं आणि होता तो फायदा जातो.

सीबीसीची जांभळी ट्यूब स्पिन करायची नसते. ती थंड पाकिटाला थेट चिकटू न देता, मध्ये कापडाची किंवा थर्माकोलची आड ठेवून पाठवा.

एक गोष्ट टोचतानाची. पट्टा बांधून पेशंटला “मूठ उघडा, बंद करा” सांगायची सवय आपल्याकडे फार आहे. त्या हालचालीने स्नायूंतून पोटॅशियम सुटतं आणि आकडा एक मिलिमोलपेक्षाही जास्त वाढू शकतो. मूठ नुसती मिटून धरली तरी शीर दिसते. पट्टा एक मिनिटाच्या आत सोडा.

परवा आमच्या एका पेशंटचं पोटॅशियम ७.९ आलं. बाई चालत आल्या, चालत गेल्या, काही त्रास नाही. लॅबने फोन करून नवीन सॅम्पल मागितलं. आमच्या मुलाचं म्हणणं, त्याने नीट घेतलं होतं. असं कसं झालं?

तुम्ही सोबत पाठवलेला रिपोर्ट पाहिला. त्यात उत्तर आहे, फक्त पोटॅशियमच्या ओळीत नाही. कॅल्शियम ४.६, अल्कलाइन फॉस्फेटेज ११, क्रिएटिनिन ०.९, सीरम स्वच्छ. कॅल्शियम खरोखर ४.६ असतं तर त्या बाईंच्या हातापायांना वांब आले असते, झटकेही आले असते. शिवाय पोटॅशियम वर, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज दोन्ही खाली, ही जोडी दिसली की पहिला संशय जांभळ्या ट्यूबवर घ्यावा. त्या ट्यूबमध्ये ईडीटीएचा पोटॅशियम क्षार असतो. त्यातून पोटॅशियम येतं. ईडीटीए कॅल्शियमला पकडून ठेवतं, म्हणून कॅल्शियम घटतं. अल्कलाइन फॉस्फेटेजला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, तेही ईडीटीए पकडतं, म्हणून तोही आकडा कोसळतो.

तुमच्या मुलाला रागावू नका, पण त्याला नेमकं विचारा: “जांभळी आधी भरलीस का? पिवळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं ओतलंस का?” इतका मोठा फरक सुईच्या टोकाला लागून आलेल्या थेंबाने सहसा पडत नाही, ओतल्याने पडतो. शीर आटली, सिरिंजमध्ये रक्त कमी आलं आणि समोर दहा जण उभे असले की हे होतं. रक्त कमी पडलं तर नवीन टोचणं किंवा कमी तपासण्या करणं, एवढेच दोन मार्ग आहेत. एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत कधीही जाता कामा नये, दोन्हींचं झाकण एकाच रंगाचं असलं तरीही नाही.

ट्यूब भरायचा क्रम असा: ब्लड कल्चर असेल तर ते आधी, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी राखाडी. हा क्रम छापून खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावा. सिरिंजने घेतलेलं रक्त ट्यूबच्या रबरातून सुईने दाबून भरू नका, त्याने पेशी फुटतात. सुई काढा, झाकण उघडा आणि ट्यूबच्या भिंतीवरून रक्त सोडा.

तुम्ही कळवलंय की दुसऱ्या सॅम्पलमध्ये पोटॅशियम ४.३, कॅल्शियम ९.२ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ८४ आलं. म्हणजे निदान पक्कं झालं. पण इथे एक इशारा मनापासून देतो. ७.९ हा आकडा ट्यूबचा वाटला तरी डॉक्टरांना फोन त्याच मिनिटाला गेला पाहिजे आणि नवीन सॅम्पल त्याच दिवशी घेतलं पाहिजे. किडनीच्या पेशंटला, डायलिसिसवर असलेल्याला हाच आकडा खरा असू शकतो आणि तिथे वेळ घालवणं जिवावर बेततं. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे: नॉर्मल पोटॅशियमच्या माणसाला खोट्या रिपोर्टवरून ते उतरवण्याची औषधं गेली तर ते धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतं.

सकाळी सात ते नऊ फार गर्दी असते. आम्ही रजिस्टरवरून ट्यूबवर नावं आधीच लिहून ठेवतो. चालेल ना?

नाही चालणार. सॅम्पलमधल्या बाकी बहुतेक चुका आकड्यांवरून ओळखता येतात. दुसऱ्याचं रक्त असेल तर आकडे अगदी सुसंगत येतात, फक्त ते दुसऱ्याचे असतात. मागचा रिपोर्ट हाताशी असेल तरच एखादे वेळी शंका येते.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत कितीतरी घरांत आहे. सिद्धाराम आजोबा आणि सिद्धाराम नातू एकाच रिक्षातून येतात, आडनाव एक, पत्ता एक, मोबाइल नंबरही घरातल्या एकाचाच. “सिद्धाराम कोण?” म्हटल्यावर आधी जो उठेल त्याला टोचलं जातं. तुम्ही आधीच लिहिलेल्या दोन्ही ट्यूब समोर असतात आणि हात पडेल ती उचलली जाते.

म्हणून पेशंट खुर्चीत बसला की त्याच्याकडून वदवून घ्या: “काका, पूर्ण नाव सांगा, वडिलांच्या नावासकट. वय किती?” आपण नाव सांगून “हो” म्हणवून घेऊ नका, कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. मराठी नीट न येणाऱ्या तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आजींसोबत घरचं माणूस असेल तर त्याच्याकडून खात्री करा. उत्तर फॉर्मशी जुळलं की रक्त घ्या आणि रक्त घेतल्यावर, पेशंट खुर्चीतून उठायच्या आत, त्याच्या समोर लेबल लावा. लेबलवर पूर्ण नाव, वय-लिंग, नोंदणी क्रमांक किंवा बारकोड, तारीख आणि रक्त घेतल्याची वेळ हवी. रजिस्ट्रेशनची वेळ नको, कारण दोन तासांची मोजणी टोचल्यापासून सुरू होते. लेबल ट्यूबला लावा, झाकणाला नाही, आणि उभं सरळ लावा म्हणजे आतलं रक्त किती ते दिसेल. जेल पेनची शाई घामाच्या हाताने पुसते, पक्क्या शाईचा मार्कर वापरा.

साध्या लाल ट्यूबमधून सीरम छोट्या वायलमध्ये काढत असाल तर वायलवरही हीच माहिती लिहा, आणि एका वेळी एकाच पेशंटची ट्यूब उघडा.

लॅब सॅम्पल रिजेक्ट करते, पेशंट आमच्यावर चिडतात. नेमकं कधी रिजेक्ट करायचं? थोडी सवलत देता येत नाही का?

काही ठिकाणी सवलत नाहीच. ट्यूबवर नाव नाही, किंवा ट्यूब आणि फॉर्म यांवरची नावं जुळत नाहीत, तर सॅम्पल परत. “ती ट्यूब त्यांचीच असणार” असं फोनवर सांगून लेबल लावता येणार नाही, आणि रक्तगट किंवा क्रॉसमॅचच्या बाबतीत तर कुणाच्याही शब्दावर नाही. सीबीसीच्या जांभळ्या ट्यूबमध्ये छोटीशी जरी गुठळी असली तरी परत, कारण प्लेटलेट्स गुठळीत अडकतात आणि आकडा खोटा कमी येतो. डेंग्यूच्या दिवसांत त्या आकड्यावरून घरच्यांची धावपळ सुरू होते. पाठवण्यापूर्वी ट्यूब तिरपी करून पाहा. ती भरल्याबरोबर ८ ते १० वेळा उलटी-सुलटी केली तर गुठळी सहसा होत नाही. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरलेली नसेल तर परत, कारण तिथे ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडलं की पीटी खोटा लांबतो.

काही ठिकाणी तपासणीपुरतं रिजेक्ट करावं. हिमोलाइज झालेल्या सीरमवर पोटॅशियम, एलडीएच, एसजीओटी देऊ नये. ज्या तपासण्यांवर परिणाम होत नाही त्या शेरा लिहून देता येतात. हे लॅबने आधी लेखी ठरवून तुम्हाला द्यावं. ते मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

पाठीच्या कण्यातलं पाणी किंवा बायोप्सीचा तुकडा पुन्हा घेणं सोपं नसतं. तो नावावाचून आला तर फेकू नका. ज्या डॉक्टरांनी घेतला त्यांनी येऊन ओळखावा, सही करावी, आणि रिपोर्टवर तसा शेरा जावा.

पेशंटला परत बोलावताना “लॅबचा प्रॉब्लेम आहे” म्हणू नका. “तुमच्या रक्तात गुठळी झाली, त्यावर प्लेटलेट्सचा आकडा चुकीचा आला असता, म्हणून पुन्हा घ्यायचंय, पैसे लागणार नाहीत” असं सांगा. बहुतेक लोक ऐकतात. रजिस्टरमध्ये कारण, वेळ, कुणी टोचलं आणि कुणाला कळवलं एवढं लिहा. महिनाअखेरीस एकाच हाताखालून गुठळ्या जास्त येत असतील तर ते तिथेच दिसेल.

फास्टिंगची शुगर राखाडी ट्यूबमध्ये घेतो, म्हणजे कितीही उशीर झाला तरी चालतो, बरोबर?

बऱ्याच अंशी, पण पूर्ण नाही. साध्या ट्यूबमध्ये साखर तासाला ५ ते ७ टक्के उतरते, उन्हात आणखी वेगाने. राखाडीतलं फ्लोराइड ही क्रिया थांबवतं, पण त्याला पूर्ण परिणाम करायला एक-दोन तास लागतात आणि तेवढ्या वेळात थोडी साखर जातेच. १२७ असलेली फास्टिंग ११९ येऊ शकते, म्हणजे डायबेटिसच्या १२६ या रेषेच्या खाली. ट्यूब भरल्या-भरल्या ८ ते १० वेळा उलटी-सुलटी करा, कारण फ्लोराइड तळाशी बसलेलं असतं, आणि शक्य असेल तर हीसुद्धा लगेच स्पिन करून प्लाझ्मा वेगळा करा.