गेट खाली झुकतंय, काय करू?

प्रश्न: बोरिवलीत सोसायटीचं आठ फूट रुंद लोखंडी गेट कडीकडून जमिनीला घासतं. वेल्डरने बिजागऱ्या बदलल्या, तरी तेच. काय चुकतंय?

बिजागऱ्या बहुतेक एकमेकींच्या फार जवळ आहेत. वरची आणि खालची जमेल तितकी लांब बसवा. १२० किलोच्या आठ फुटी गेटची वरची बिजागरी खांबाला साधारण १२० किलोने ओढते, दोघींत चार फूट अंतर असेल तर. दोनच फूट असेल तर २४० किलोने. तिरपा अँगल खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून वर कडीकडे जायला हवा. (बारीक सळई असेल तर उलट, वरच्या बिजागरीतून खाली, सळई ताण घेते, दाबाला वाकते.) खांबांमध्ये गेटच्या रुंदीपेक्षा इंचभर जास्त जागा ठेवा. पण आधी ओळंबा सोडून बघा: पावसात माती भुसभुशीत होऊन खांबच कलला असेल, तर आधी त्याचा पाया खोल करून काँक्रीट भरा.