अक्षांश आणि रेखांश: एक आकडा रेषा देतो, दुसरा जागा

प्रश्न: कुणी मॅपवरून लोकेशन पाठवलं की 18.9220, 72.8347 असे दोन आकडे दिसतात. अक्षांश-रेखांश शाळेत पाठ केले होते, पण नुसत्या दोन आकड्यांवरून अख्ख्या पृथ्वीवरची एकच जागा कशी काय ठरते?

उत्तर:

तुम्ही दिलेले आकडे मुंबईतल्या गेटवे ऑफ इंडियाचे आहेत, तेव्हा तेच धरून सांगतो. मी जमीन मोजणीच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे दिवसभर हेच आकडे डोळ्यांसमोर असतात.

आधी दुसरा आकडा झाकून ठेवा. फक्त 18.9220 उत्तर एवढंच माहीत आहे असं समजा. या एका आकड्याने जागा ठरत नाही, पण पृथ्वीभोवती आडवं फिरणारं एक पूर्ण वर्तुळ ठरतं. हे वर्तुळ गेटवेवरून जातं आणि मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहरातूनही जातं. दोन्ही ठिकाणांचा अक्षांश जवळजवळ सारखाच आहे. आता उलट करा. पहिला आकडा झाका आणि फक्त 72.8347 पूर्व ठेवा. आता उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत जाणारी एक उभी रेषा मिळते. गेटवेपासून या रेषेवरून सरळ उत्तरेला निघालात तर सुमारे 250 किलोमीटरवर सुरत लागतं. म्हणजे पहिल्या आकड्यावरून तुम्ही क्वेर्नावाकात असू शकता, दुसऱ्यावरून सुरतेत. दोन्ही आकडे एकदम खरे ठरतील अशी जागा मात्र एकच, गेटवे.

यात एक बारकावा आहे जो पाठ्यपुस्तकात असतो, पण सहसा वाचताना सुटतो. अक्षवृत्त हे पूर्ण वर्तुळ असतं, रेखावृत्त मात्र अर्धंच. ते एका ध्रुवावर सुरू होतं आणि दुसऱ्या ध्रुवावर संपतं. पलीकडच्या बाजूने परत येणाऱ्या अर्ध्या वर्तुळाला वेगळा आकडा असतो. आपल्या उदाहरणात तो सुमारे 107.17 पश्चिम आहे. रेखावृत्तही पूर्ण धरलं असतं, तर दोन वर्तुळं एकमेकांना दोन ठिकाणी छेदली असती आणि प्रत्येक पत्त्याच्या दोन जागा निघाल्या असत्या. अर्धंच धरल्यामुळे छेद एकदाच होतो. याला अपवाद फक्त दोन्ही ध्रुवांचा. तिथे सगळी रेखावृत्तं एकत्र येतात, म्हणून तिथे रेखांशाला अर्थच उरत नाही, 90 हा अक्षांश पुरेसा असतो.

आता हे आकडे मोजतात काय? दोन्ही कोन आहेत, अंतरं नाहीत. पृथ्वीच्या केंद्रापासून गेटवेपर्यंत एक सरळ रेषा काढली आहे अशी कल्पना करा. ती रेषा विषुववृत्ताच्या पातळीपासून उत्तरेकडे जितकी वर उचललेली असेल तो कोन म्हणजे अक्षांश. (पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, म्हणून प्रत्यक्षात कोन केंद्रापासून न मोजता त्या जागेच्या उभ्या लंबावरून मोजतात. समजून घेताना गोल धरला तरी चालतं.) एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे 111 किलोमीटर, आणि हे पृथ्वीवर कुठेही जवळजवळ तेवढंच राहतं. त्यामुळे 18.92 ला 111 ने गुणलं की विषुववृत्त गेटवेपासून साधारण 2,100 किलोमीटर दक्षिणेला आहे हे लगेच कळतं.

अक्षांशाची सगळ्यात सुंदर गोष्ट ही की तो आकाशात उघड दिसतो. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितकाच तुमचा अक्षांश. मुंबईत तो जेमतेम 19 अंशांवर असतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की सुमारे वीस अंश होतात, म्हणजे तारा वरच्या मुठीच्या कडेला थोडा आतच दिसेल. श्रीनगरला तोच तारा 34 अंशांवर चढलेला दिसतो. तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त सरकलेला आहे, म्हणून या मोजणीत काही किलोमीटरांपासून साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत फरक पडू शकतो. तरीही हातात एकही यंत्र नसताना एवढं कळणं मला फार मोठं वाटतं.

रेखांशाचं तसं नाही. अक्षांशाला विषुववृत्त हा निसर्गानेच दिलेला शून्य आहे, कारण पृथ्वी फिरते त्या अक्षावरून तो ठरतो. पूर्व-पश्चिम दिशेला मात्र असा कुठलाच ठिकाणा नाही. सगळी रेखावृत्तं संत्र्याच्या फोडींमधल्या रेघांसारखी सारखीच. शून्य कुठे धरायचा हे माणसांनीच ठरवायचं. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषगणितात ती रेषा उज्जैनवरून जाते असं मानत. 1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत बहुतेक देशांनी लंडनजवळचं ग्रिनिच मान्य केलं. गेटवे त्या रेषेच्या 72.8347 अंश पूर्वेला आहे, इतकाच दुसऱ्या आकड्याचा अर्थ.

शून्य असा मानलेला असल्यामुळे रेखांश आकाशाकडे नुसतं बघून मिळत नाही, त्याला घड्याळ लागतं. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश, म्हणजेच एक अंश फिरायला 4 मिनिटं. आता 72.83 ला 4 ने गुणा. उत्तर 291 मिनिटं आणि काही सेकंद, म्हणजे 4 तास 51 मिनिटं. जुन्या मुंबईत हाच आकडा घड्याळात दिसायचा. तेव्हाचा ‘बॉम्बे टाइम’ ग्रिनिचच्या बरोबर 4 तास 51 मिनिटं पुढे होता. 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, धरली गेली. तरी मुंबईत जुनी वेळ त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिली. दोन्हींतला फरक 39 मिनिटांचा.

तो फरक तुम्हाला आजही मोजता येईल. 15 एप्रिल किंवा 1 सप्टेंबरच्या आसपास, आकाश मोकळं असेल तर, सपाट जमिनीवर एक काठी अगदी उभी रोवा आणि तिची सावली सर्वांत आखूड कधी होते ते मोबाइलच्या घड्याळात पाहा. (वर्षाच्या इतर दिवशी सूर्य घड्याळाच्या पुढेमागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला तर सुमारे 16 मिनिटं. म्हणून हे दिवस सांगितले.) एक सूचना: सावलीच्या लांबीवरून नेमका क्षण पकडता येत नाही, कारण माध्यान्हीच्या आसपास ती फारशी बदलत नाही. त्यापेक्षा साडेअकराच्या सुमाराला सावलीच्या टोकावर खूण करा, काठीच्या बुंध्याभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ आखा आणि दुपारी टोक पुन्हा त्या वर्तुळाला कधी टेकतं ते पाहा. दोन्ही वेळांची बरोबर मधली वेळ म्हणजे खरी माध्यान्ह. मुंबईत ती 12 वाजून 39 मिनिटांच्या आसपास येईल. मग हिशेब सोपा आहे: 39 ला 4 ने भागा, 9.75 अंश आले. प्रमाणवेळेच्या 82.5 मधून ते वजा केले की 72.75 उरतात. खरा आकडा 72.83 आहे, म्हणजे काठी आणि घड्याळ एवढ्या सामग्रीवर चूक अवघी नऊ किलोमीटरची. मात्र वेळ एका मिनिटाने चुकली की जागा पाव अंशाने सरकते, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे 26 किलोमीटर. भर समुद्रात बिनचूक चालणारी घड्याळं अठराव्या शतकात तयार होईपर्यंत जहाजांना अक्षांश कळायचा आणि रेखांश अंदाजाने धरावा लागायचा, त्याचं कारण हेच.

रेखांशाचा अंश किलोमीटरमध्ये मोजताना एक काळजी घ्यायची. फोडी ध्रुवाकडे निमुळत्या होत जातात, म्हणून विषुववृत्तावर 111 किलोमीटरचा असलेला अंश मुंबईत 105 चा होतो, आणि 60 अंश अक्षांशावर निम्म्याहून जरासा जास्त, 56 किलोमीटर. दशांशाच्या पुढचे आकडे मात्र सोप्या हिशेबाने वाचता येतात. चौथा दशांश म्हणजे साधारण 11 मीटर, पाचवा म्हणजे एक मीटरच्या आसपास. 18.9220 मधला शेवटचा शून्यसुद्धा उगाच नाही, तो सांगतो की जागा दहाएक मीटरपर्यंत मोजली आहे. उलट मोबाइलने सात-आठ दशांश दाखवले तरी त्यातले शेवटचे आकडे विश्वासाचे नसतात, कारण त्याचं मोजमाप मोकळ्या जागेतही काही मीटर इकडेतिकडे असतं.

कामात ज्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात त्या मोजणीच्या कमी आणि लिहिण्याच्या जास्त. समजा आकड्यांची अदलाबदल झाली आणि 72.8347 आधी आलं. आता तुमचा गेटवे नॉर्वेच्या ट्रॉम्सो शहराच्या जवळपास 350 किलोमीटर उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात पोचला. मॅपवर अक्षांश आधी लिहायची पद्धत आहे, पण GeoJSON या फाइलप्रकारात रेखांश आधी येतो, त्यामुळे ही अदलाबदल चांगल्या जाणकारांकडूनही होते. समजा रेखांशापुढे चुकून वजाचं चिन्ह लागलं, म्हणजे पूर्वेचं पश्चिम झालं. मग जागा कॅरिबियनमध्ये, हैतीजवळच्या समुद्रात सापडते.

या दोन्ही चुका मॅप उघडला की लगेच दिसतात. तिसरी लपून बसते, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्या. जुन्या कागदांवर हेच ठिकाण 18 अंश 55 मिनिटं 19 सेकंद, 72 अंश 50 मिनिटं 5 सेकंद असं लिहिलेलं असतं. एका अंशात 60 मिनिटं, म्हणून 55 मिनिटं 19 सेकंद म्हणजे सुमारे 0.922 अंश. कुणी हे न बदलता सरळ 18.5519, 72.5005 असं टाइप केलं, तर बिंदू 41 किलोमीटर दक्षिणेला आणि 35 किलोमीटर पश्चिमेला सरकतो आणि रेवदंड्यासमोर भर समुद्रात जाऊन बसतो. इथे निदान पाणी दिसतं म्हणून शंका येते. हीच चूक विदर्भातल्या एखाद्या विहिरीच्या नोंदीत झाली तर बिंदू शेजारच्या तालुक्यातल्या शेतात पडतो आणि कुणाला काही खटकत नाही. ओळखायचा एक मार्ग आहे: यादीतल्या सगळ्या नोंदींमध्ये दशांशानंतरचे पहिले दोन आकडे कधीच 59 च्या वर जात नसतील, तर ते अंशांचे दशांश नसून मिनिटं आहेत, असं धरून मूळ कागद मागवा.